ट्रेडरचा लॅपटॉप: आधी पोर्ट मोजा, मग प्रोसेसर

ट्रेडिंगसाठी लॅपटॉप हवा म्हणून दुकानात गेले, की विक्रेता बहुतेक वेळा गेमिंग लॅपटॉपच्या रांगेकडे नेतो. चार स्क्रीन, वीस चार्ट, म्हणजे मोठा प्रोसेसर आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड, हा त्याचा हिशेब. ऐकायला तो बरोबर वाटतो, पण बाजार चालू असताना अशा मांडणीची अडचण कुठे होते ते पाहिले तर हिशेब उलटा निघतो. तिसरा मॉनिटर काळाच राहतो, कारण हबमधून तेवढे चित्र जातच नाही. चार्ट थिजतो, कारण वाय-फायने मधले काही सेकंद गिळलेले असतात. लाइट जाते, लॅपटॉप चालू राहतो, पण ऑर्डरची खिडकी नेमकी बंद पडलेल्या मॉनिटरवर असते. यातली एकही अडचण महाग प्रोसेसरने सुटत नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच, की ट्रेडरने लॅपटॉप निवडताना त्यातून बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या वाटा आधी तपासाव्यात, म्हणजे स्क्रीनची वाट, इंटरनेटची वाट आणि विजेची वाट. आतली ताकद त्यानंतर, आणि पुरेल एवढीच घ्यावी.

चार्ट काढायला संगणकाला किती कष्ट पडतात, ते आधी पाहू. कँडल, दोनतीन मूव्हिंग अॅव्हरेज आणि खाली व्हॉल्यूम हे चित्र सपाट असते. गेममधल्या त्रिमितीय दृश्यासारखे ते सेकंदाला शंभर वेळा नव्याने रंगवावे लागत नाही. शिवाय किरकोळ ग्राहकाला ब्रोकरकडून मिळणारी भावाची माहिती म्हणजे एक्स्चेंजमधल्या प्रत्येक सौद्याचा पूर्ण प्रवाह नसतो, ठरावीक अंतराने घेतलेले भाव असतात. प्रोसेसरमध्ये बिल्ट-इन असलेले ग्राफिक्स या कामाला पुरते. खरा भार पडतो तो रॅमवर आणि प्रोसेसरच्या एकेका कोअरवर. ब्राउझरमधला चार्ट असलेला प्रत्येक टॅब काहीशे एमबी रॅम सहज खातो, आणि त्या टॅबची बहुतेक गणिते एकाच कोअरवर चालतात. म्हणून सोळा कोअरच्या आकड्यापेक्षा एका कोअरचा वेग उपयोगी पडतो. रॅम १६ जीबी ही किमान पातळी समजावी. चार स्क्रीन, ब्राउझर, ब्रोकरचे सॉफ्टवेअर आणि सोबत एक्सेल असेल तर ३२ जीबी घेऊन मोकळे व्हावे. त्यात एक खाच आहे. बिल्ट-इन ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम भागवते. रॅमची एकच पट्टी बसवलेली असेल तर मेमरीकडे जाणारा रस्ता निम्मा अरुंद होतो, आणि स्क्रीन वाढल्या की ते जाणवते. त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन बऱ्या. रॅम बोर्डावरच डकवलेली असेल तर पुढे वाढवता येत नाही, हेही खरेदीपूर्वीच विचारावे.

आता स्क्रीनची वाट. लॅपटॉपच्या कडेला दोन यूएसबी-सी पोर्ट दिसले म्हणजे दोन मॉनिटर लागतील, हा समज सगळ्यांत महागात पडतो. यूएसबी-सी हे फक्त भोकाच्या आकाराचे नाव आहे. त्यातून चित्र बाहेर येते का, हे आतल्या जोडणीवर ठरते. काही पोर्ट फक्त फाइली आणि चार्जिंगपुरते असतात. त्यात कितीही महागाचा हब लावा, मॉनिटर काळाच. चित्र देणाऱ्या पोर्टाच्या तपशिलात डिस्प्लेपोर्ट हा शब्द असतो, कधी शेजारी त्याची छोटी खूण असते. शेजारी विजेचा बाण असेल तर तो थंडरबोल्ट. थंडरबोल्ट ४ असलेल्या विंडोज लॅपटॉपवर एका पोर्टातून दोन फोर-के मॉनिटर चालण्याची हमी असते. दुसरी मर्यादा प्रोसेसरची. इंटेलच्या कोअर मालिकेत ११व्या पिढीपासून बिल्ट-इन ग्राफिक्स एकाच वेळी चार स्क्रीन चालवते, त्याआधीच्या पिढ्यांत ही संख्या तीन होती. या संख्येत लॅपटॉपची स्वतःची स्क्रीनही धरलेली असते, हे विसरू नये. जुन्या पिढीचा स्वस्त लॅपटॉप घेऊन बाहेर तीन मॉनिटर लावायला गेलात, तर झाकण तरी मिटावे लागेल किंवा एक मॉनिटर तरी सोडावा लागेल.

हे एका उदाहरणात पाहू. समजा, एका इंट्राडे ट्रेडरला तीन २४ इंची फुल एचडी मॉनिटर आणि लॅपटॉपची स्क्रीन अशा चार स्क्रीन हव्यात. लॅपटॉपला एक एचडीएमआय आहे आणि चित्र देणारा एक साधा यूएसबी-सी. बाजारात मिळणारे बरेच हब एकाच डिस्प्लेपोर्ट प्रवाहातून दोनतीन मॉनिटरांना चित्र वाटून देतात. पण त्याच तारेतून वेगवान यूएसबी डेटाही न्यायचा असल्याने चित्रासाठी चारपैकी दोनच मार्गिका उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२च्या वेगाने या दोन मार्गिकांतून सेकंदाला साधारण साडेआठ गिगाबिट चित्र जाते. एका फुल एचडी मॉनिटरला ६० हर्ट्झवर साधारण साडेतीन गिगाबिट लागतात. दोन मॉनिटर म्हणजे सात, ते बसतात. तीन म्हणजे साडेदहा, ते बसत नाहीत. म्हणून हबला तीन एचडीएमआय भोके असली तरी तिसरा मॉनिटर काळा राहतो किंवा कमी रेझोल्यूशनवर उतरतो, आणि माणूस केबल बदलत बसतो. उपाय साधा आहे. एक मॉनिटर थेट लॅपटॉपच्या एचडीएमआयला आणि दोन हबला. चौथी स्क्रीन लॅपटॉपची, म्हणजे प्रोसेसरची चारची मर्यादाही नेमकी भरते. उद्या हबवरचे दोन मॉनिटर बदलून २७ इंची क्यूएचडी घ्यायचे ठरले, तर एकेकाला सुमारे पावणेसहा गिगाबिट लागतील आणि हीच वाट अपुरी पडेल. तेव्हा थंडरबोल्ट पोर्ट आणि त्याचा डॉक लागेल. म्हणजे पुढच्या दोनतीन वर्षांत कोणते मॉनिटर घेणार, हे लॅपटॉप घेण्यापूर्वी ठरवलेले बरे. हबमधून लॅपटॉप चार्ज करणार असाल तर आणखी एक गोष्ट पाहा. ६५ वॉटचा चार्जर हबला लावला तरी थोडी वीज हब स्वतःसाठी ठेवतो. लॅपटॉपला पूर्ण ६५ वॉट लागत असतील तर दिवसभरात बॅटरी हळूहळू उतरत जाते.

मॅक घेणाऱ्यांनी इथे जास्त सावध असावे. एकाच प्रवाहातून अनेक मॉनिटरांना वेगवेगळे चित्र वाटण्याची वर सांगितलेली पद्धत मॅकओएस मानत नाही. तसा हब लावला तर दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र येते. साध्या एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक बाहेर एकच मॉनिटर चालवते, एम३ चिपचे मॅकबुक एअर झाकण मिटल्यावर दोन, आणि एम४चे झाकण उघडे ठेवूनही दोन. त्यापुढे जायचे तर प्रो किंवा मॅक्स चिप हवी, किंवा डिस्प्लेलिंक तंत्राचा डॉक. डिस्प्लेलिंकमध्ये प्रोसेसर चित्र दाबून यूएसबीतून पाठवतो आणि डॉक ते पुन्हा उलगडतो. चार्टसाठी हे चालते, पण त्यासाठी ड्रायव्हर टाकावा लागतो, प्रोसेसरवर थोडा भार वाढतो, आणि सिस्टीम अपडेट झाल्यावर ड्रायव्हर रुसला तर सकाळी सव्वानऊला दोन मॉनिटर काळे दिसू शकतात. अमिब्रोकरसारखे फक्त विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला मॅक मुळातच गैरसोयीचे आहे.

यावर गेमिंग लॅपटॉपची बाजू घेणारा म्हणेल, की ताकद जास्त असली तर बिघडते काय? पैशांखेरीज तीन गोष्टी बिघडतात. असे लॅपटॉप तापतात आणि पंखा दिवसभर घोंघावतो, त्यांचा चार्जर विटेएवढा असतो, आणि लाइट गेल्यावर बॅटरी फार वेळ तग धरत नाही. ट्रेडरला शेवटची गोष्ट सर्वांत नडते. मात्र एका बाबतीत या लॅपटॉपांची बाजू खरी आहे. त्यांतल्या अनेकांत एचडीएमआय वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला जोडलेले असते आणि एखादा यूएसबी-सी बिल्ट-इन ग्राफिक्सला. दोन्ही मिळून स्क्रीनची एकूण संख्या चारच्या पुढे जाऊ शकते. ज्याला खरोखर पाच किंवा सहा स्क्रीन हव्यात, त्याने या कारणासाठी असा लॅपटॉप जरूर घ्यावा. कोणते पोर्ट कोणत्या ग्राफिक्सला जोडले आहे, हे मात्र त्या मॉडेलच्या तपशिलात पाहावे.

इंटरनेटची वाट यापेक्षा नाजूक आहे, कारण स्क्रीन काळी पडली तर लगेच दिसते, पण भाव यायचे थांबले तर चार्ट तसाच शांत दिसतो. शेवटची कँडल हलत नाही, आणि बाजार थंड आहे असे वाटते. म्हणून प्रत्येक मांडणीत शेवटच्या सौद्याची वेळ दाखवणारा रकाना डोळ्यांसमोर ठेवावा. निफ्टी फ्युचरसारख्या सतत हलणाऱ्या करारात ती वेळ काही सेकंद पुढे सरकली नाही, तर दोष बहुधा बाजाराचा नाही, जोडणीचा आहे. लॅपटॉप निवडताना लॅन केबलचा पोर्ट असलेला मिळाला तर उत्तम, नसेल तर गिगाबिट वेगाचे यूएसबी अॅडॉप्टर घ्यावे. वाय-फायचा वेग चांगला दिसतो म्हणून केबल नको, हा युक्तिवाद चुकीच्या मापावर उभा आहे. भावाच्या प्रवाहाला फार बँडविड्थ लागत नाही, त्याला खंड चालत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल जेमतेम तीन, १, ६ आणि ११. दहा बिऱ्हाडांच्या इमारतीत सगळ्यांचे राउटर त्यांतच दाटीवाटीने बसतात. त्यात यूएसबी ३ची उपकरणे आणि तारा याच पट्ट्यात गोंगाट करतात. म्हणजे लॅपटॉपला चिकटून ठेवलेला हबच वाय-फाय बिघडवू शकतो. केबल टाकणे शक्यच नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झ वापरावे आणि हब लॅपटॉपपासून थोडा दूर ठेवावा. दोष घरात आहे की बाहेर, हे ओळखायला कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढच्या दोन ओळी एकामागून एक चालवाव्यात.

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिल्या ओळीतला पत्ता आपल्या राउटरचा. काही राउटरांचा तो वेगळा असतो, तेव्हा राउटरच्या मागच्या चिठ्ठीवर पाहून घ्यावा. राउटरपर्यंतच काही पाकिटे हरवत असतील किंवा एखाद्याला एकदम शेकडो मिलिसेकंद लागत असतील, तर दोष वाय-फायचा आहे आणि इंटरनेट कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटरपर्यंत सगळे स्वच्छ आणि दुसऱ्या ओळीत गळती दिसली, तर दोष बाहेरच्या वाटेत आहे.

केबलने घरातला प्रश्न सुटतो, बाहेरचा नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी एनएसईमधले व्यवहार सकाळी ११.४०च्या सुमारास थांबले आणि दुपारी ३.४५ला पुन्हा सुरू झाले. बाजार त्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत चालवावा लागला. एनएसईने तेव्हा सांगितले होते, की दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या असूनही दोघींकडून अडचण आल्याचे कळवण्यात आले. कागदावर दोन वाटा असणे आणि प्रत्यक्ष दोन वाटा असणे यांत केवढे अंतर असते, याचा याहून मोठा धडा नसेल. घरी दोन कंपन्यांचे फायबर घेतले आणि दोन्ही एकाच खांबावरून आले, तर जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडतो. म्हणून दुसरी वाट जातीनेच वेगळी हवी. एक फायबर आणि एक मोबाइल डेटा, तोही शक्यतो वेगळ्या कंपनीचा. ही दुसरी वाट आयत्या वेळी शोधायची नाही, आधीपासून जोडून ठेवायची. लॅन केबल राउटरला आणि लॅपटॉपचे वाय-फाय राउटरऐवजी फोनच्या हॉटस्पॉटला, फोन चार्जरवर. विंडोज साधारणपणे जास्त वेगाच्या जोडणीला पसंती देते, म्हणून अॅडॉप्टर गिगाबिटचे हवे. नाहीतर रोजचा डेटा गुपचूप फोनवरून जाईल. इथे एक बारकावा आहे. फायबर बाहेर तुटली तरी राउटर चालूच असतो, त्यामुळे लॅपटॉपला केबल जिवंतच वाटते आणि तो आपणहून दुसऱ्या वाटेला लागेलच असे नाही. अशा वेळी हाताने केबल उपसावी. वाट बदलली की ब्रोकरशी असलेली जुनी जोडणी तुटते आणि नवी व्हायला काही सेकंद लागतात, कधी पान पुन्हा उघडावे लागते. एपीआयवरून स्वतःच्या प्रोग्रॅमने ऑर्डर टाकणाऱ्यांना यापुढचाही विचार करावा लागतो. सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५च्या परिपत्रकाने अशा ऑर्डरसाठी नोंदवलेला स्थिर आयपी पत्ता आवश्यक केला आहे. हॉटस्पॉटवरून येणारा पत्ता वेगळा असल्याने त्या वाटेने प्रोग्रॅमची ऑर्डर नाकारली जाऊ शकते. पर्यायी पत्ता नोंदवता येतो का, हे ब्रोकरला आधीच विचारावे. तोवर आणीबाणीतली ऑर्डर हातानेच टाकायची, हे गृहीत धरावे.

विजेच्या बाबतीत लॅपटॉप डेस्कटॉपच्या पुढे आहे आणि बहुपडदा मांडणीतही तो निवडण्याचे खरे कारण तेच. कायम एकाच जागी बसणारा आणि घरात चांगला यूपीएस असलेला ट्रेडर विचारेल, की याच पैशात डेस्कटॉपला जास्त पोर्ट मिळतात, मग लॅपटॉप का? त्याच्यासाठी डेस्कटॉपच बरा, हे मान्य करायला हरकत नाही. पण गावाकडे जाणे, ऑफिस आणि घर अशी ये-जा, लाइटचा भरवसा नसणे यांतले एकही असेल तर स्वतःची बॅटरी असलेला संगणक हवा. ही सोय मात्र अर्धीच असते. लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण मॉनिटर, राउटर आणि फायबरची पेटी बंद पडते. राउटर आणि ही पेटी बहुधा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घेताना व्होल्ट आणि अॅम्पिअर दोन्ही जुळवून घ्यावेत. मॉनिटरसाठी यूपीएस घेण्यापेक्षा खिडक्यांची मांडणी बदलावी. ऑर्डरची खिडकी, उघड्या पोझिशन आणि ज्यात सौदा चालू आहे तो एक चार्ट कायम लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर ठेवावा, बाकी पाहायचे चार्ट बाहेरच्या मॉनिटरांवर. मग लाइट गेली तर नजरेचा पसारा कमी होतो, पण हात बांधले जात नाहीत. यासाठी लॅपटॉपची स्क्रीन १३ इंचांची चिमुकली नको, १५ किंवा १६ इंचांची हवी.

शेवटी एक आक्षेप उरतो. फोनवर ब्रोकरचे अॅप असताना एवढा खटाटोप कशाला? अॅप हा चांगला तिसरा पर्याय आहे आणि त्यात सकाळीच लॉग-इन करून ठेवावे. पण घाईत, छोट्या स्क्रीनवर, ऑप्शनच्या दोन पायांची पोझिशन सोडवणे म्हणजे चुकीला आमंत्रण. त्यापेक्षा मोठे संरक्षण लॅपटॉपच्या बाहेरच आहे. एक्स्चेंजमध्ये टाकलेली स्टॉपलॉस ऑर्डर तुमचे इंटरनेट गेले तरी तिथेच उभी असते. आपल्या लॅपटॉपवर चालणाऱ्या प्रोग्रॅममधला किंवा फक्त डोक्यातला स्टॉपलॉस मात्र जोडणीबरोबरच जातो. हे पक्के असेल तर लॅपटॉपकडून अचाट विश्वासार्हतेची अपेक्षा करावी लागत नाही, काही सेकंदांत सावरणारी मांडणी पुरते.

म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवावा. आधी मॉनिटर किती आणि कोणते, हे कागदावर लिहावे. प्रत्येक मॉनिटर कोणत्या पोर्टातून जाणार, ती रेघ ओढावी. त्या रेघा ज्या लॅपटॉपवर पुऱ्या होतात, त्यांतूनच पुरेशा रॅमचा आणि बरी बॅटरी असलेला निवडावा. लॅपटॉप आल्यावर, तो परत करण्याची मुदत असतानाच, बाजाराच्या वेळेत पण एकही पोझिशन न ठेवता तीन गोष्टी कराव्यात. सगळे चार्ट चालू असताना लॅन केबल उपसावी. ती परत लावून फायबरच्या पेटीची तार काढावी. शेवटी भिंतीवरचे मुख्य बटण बंद करावे. प्रत्येक वेळी शेवटच्या सौद्याची वेळ पुन्हा हलेपर्यंत किती सेकंद गेले, ते मोजून लिहावे. फायबर काढल्यावर भाव परत यायला समजा चाळीस सेकंद लागले, तर तुमचा स्टॉपलॉस त्या चाळीस सेकंदांचा विचार करून ठरवायला हवा. दुकानातल्या चकचकीत पत्रकावर हा आकडा छापलेला नसतो.